आवाजात तडतड येतेय? आधी रेकॉर्डिंग पुसू नका

(या भागाचा लिखित मजकूर. ज्यांना हेडफोन लावून ऐकायला वेळ नाही आणि ज्यांना स्टेप्स पुन्हा पुन्हा बघायच्यात, त्यांच्यासाठी.)

मागचा भाग उशिरा आला, आणि "ताई, शुक्रवार गेला, एपिसोड कुठाय?" असे तुमचे भरपूर मेसेज आले. आज तो किस्साच सांगते. कारण त्यात माझी चूक होती, आणि ती चूक लॅपटॉपवर रेकॉर्डिंग, एडिटिंग, बीट्स असलं काहीही करणाऱ्या कुणाकडूनही होऊ शकते.

तर झालं असं. माझी आत्या राहते माण तालुक्यात. वय अठ्ठ्याहत्तर. ती जात्यावर बसून ओव्या म्हणते, आणि त्या मला पॉडकास्टसाठी हव्या होत्या. मी हातात धरायचा छोटा रेकॉर्डर घेऊन गेले, पहाटे साडेपाचला आत्याला जात्यावर बसवलं आणि चाळीस मिनिटं रेकॉर्ड केलं. जात्याची घरघर, बाहेर कोंबडा, मध्ये आत्याचा श्वास. मस्त. खूश होऊन पुण्याला आले.

बुधवारी रात्री अकराला लॅपटॉप उघडला, फाइल एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकली, प्ले दाबलं. आणि आत्याच्या आवाजावर तडतड, तडतड. मध्येच टक्. कढईत मोहरी टाकल्यासारखी. माझ्या पोटात गोळाच आला. वाटलं, रेकॉर्डरचं कार्ड खराब होतं, सगळं गेलं.

लगेच आतेभावाला फोन लावला. "दादा, आत्याला अजून एकदा बसवता येईल का रे? फक्त दहा मिनिटं." दादा म्हणाला, "अगं, त्या दिवसापासून तिचा खांदा धरलाय. आता जातं ओढायचं वय आहे का तिचं? तूच बघ बाई काय ते."

मग मी काय केलं? फाइलवर क्लिक काढायचा इफेक्ट मारला. नशीब, मूळ फाइलवर नाही, कॉपीवर मारला. या इफेक्टचं काम असं की आवाजात अचानक उडालेलं बारीक टोक दिसलं की ते घासून गुळगुळीत करायचं. पण दाणा भरडताना जात्यातून जो खरखरीत आवाज येतो, तोही अशाच बारीक टोकांचा असतो! इफेक्टने तोच खाल्ला. जातं दूर कुठेतरी रजईखाली फिरतंय असं वाटायला लागलं. आणि गंमत बघा, तडतड तशीच.

रात्री साडेबाराला कंटाळून मूळ फाइलचा एक तुकडा दादाला मोबाईलवर पाठवला. म्हटलं ऐक आणि तूच सांग. दोन मिनिटांत त्याचा व्हॉइस मेसेज आला: "कुठाय तडतड? मला तर एकदम स्वच्छ ऐकू येतंय. आई पण ऐकतेय इथं बसून."

दादाला ऑडिओमधलं ओ की ठो कळत नाही, पण निदान त्यानेच केलं. तडतड फाइलमध्ये नव्हतीच. ती माझा लॅपटॉप ती फाइल *वाजवताना* तयार करत होता.

म्हणून पहिली गोष्ट ही, आणि खरं तर सगळ्यात महत्त्वाची. तडतड ऐकू आली की तोच तुकडा तीनदा वाजवा आणि घड्याळ बघा. टक् दर वेळी बरोबर त्याच सेकंदाला आला, तर तो फाइलमध्ये आहे. कधी बाराव्या सेकंदाला, कधी सतराव्या, कधी आलाच नाही, तर फाइल ठणठणीत आहे आणि भानगड वाजवण्यात आहे. खात्री करायची तर फाइल मोबाईलवर टाकून ऐका. आणि फाइल ठीक असेल, तर एडिट करून तुम्ही जी एक्स्पोर्ट काढाल तीही साधारणपणे स्वच्छच निघते. कारण एक्स्पोर्ट करताना लॅपटॉपला घाई नसते, हवा तेवढा वेळ घेऊन तो आकडे लिहितो. घाई असते ती फक्त तुम्हाला त्याच क्षणी ऐकवायची.

पण उलट बाजूही लक्षात ठेवा. हीच तडतड *रेकॉर्ड करताना* झाली, तर लॅपटॉपने तेवढा आवाज पकडलाच नाही. ते भोक फाइलमध्ये कायमचं राहतं. माझं नशीब चांगलं की आत्याचं रेकॉर्डिंग लॅपटॉपवर नव्हतंच, वेगळ्या रेकॉर्डरवर होतं.

आता हे होतं कशामुळे? "बफरिंग" हा शब्द तुम्हाला माहितीय. व्हिडिओ बघताना नेट गेलं की ते गोल गोल फिरतं ते. लॅपटॉपच्या आत आवाजाचंही बफर असतं, फक्त तिथे गोल फिरायची सोय नाही. आवाज थांबून वाट बघू शकत नाही. डेटा वेळेवर आला नाही की तो तिथेच तुटतो. स्पीकरचा पडदा एका जागेवरून पुढे चाललेला असतो, त्याला मध्येच झटका बसतो, आणि तो झटका म्हणजे आपल्याला ऐकू येणारा टक्. असे झटके एकामागोमाग आले की तडतड.

मी हे माझ्या मैत्रिणीला असं समजावलं. पंगत बसलीय. आत काकू भाकऱ्या थापतायत, बाहेर एक माणूस जेवतोय, आणि तो अगदी घड्याळ लावून जेवतो: मिनिटाला एक भाकरी, कमी नाही जास्त नाही. मध्ये टोपली. काकूंचा वेग चांगला आहे, मिनिटाला चार भाकऱ्या सहज होतात. पण दाराची बेल वाजली की काकूंना उठावं लागतं. टोपलीत एकच भाकरी असेल आणि काकू दोन मिनिटं दारात बोलत राहिल्या, तर माणूस उपाशी. टोपलीत दहा असतील तर त्याला कळणारही नाही की काकू उठल्या होत्या.

टोपली म्हणजे बफर. काकू म्हणजे प्रोसेसर. बेल म्हणजे वायफाय, अँटिव्हायरस, ब्राउझरमधले चाळीस टॅब. इथे एक गोष्ट कळते जी मला आधी कळत नव्हती. टास्क मॅनेजरमध्ये सीपीयू फक्त वीस टक्के दिसत होता, तरी तडतड का? कारण काकू हळू नव्हत्याच. त्या फक्त चुकीच्या क्षणी दारात होत्या. सरासरी वेग चांगला असून उपयोग नाही, टोपली तेवढा वेळ तग धरेल एवढी हवी.

मग टोपली कायमची मोठीच का ठेवत नाही? कारण टोपली मोठी असली की हातात येणारी भाकरी मघाशी केलेली असते. म्हणजे आवाज उशिरा येतो. त्यालाच लेटन्सी म्हणतात. त्याच्याकडे येतेच.

आता आकडे. घाबरू नका, एकच भागाकार आहे. डिजिटल आवाज म्हणजे सेकंदाला हजारो वेळा घेतलेलं माप. सेकंदाला किती मापं, तो सॅम्पल रेट. माझ्या रेकॉर्डरवर तो होता ४८,०००. आणि बफर साइज म्हणजे टोपलीत एका वेळी किती मापं मावतात.

```
वेळ (मिलिसेकंद) = बफर साइज ÷ सॅम्पल रेट × 1000

  64 ÷ 96000 × 1000 =  0.67
  64 ÷ 48000 × 1000 =  1.33
 256 ÷ 48000 × 1000 =  5.33
1024 ÷ 48000 × 1000 = 21.33
```

पहिली ओळ बघा. ती माझी सेटिंग होती. मी रीपर वापरते, आणि लॅपटॉपला बाहेरून एक यूएसबी ऑडिओ इंटरफेस जोडलेला आहे. महिन्यापूर्वी एक मित्र घरी गिटार रेकॉर्ड करायला आला होता. त्याला स्वतःचं वाजवलेलं उशिरा ऐकू येत होतं, म्हणून आम्ही बफर ६४ वर आणला. आणि सॅम्पल रेट मी शहाणपणा करून ९६,००० केला होता, का तर आकडा मोठा म्हणजे क्वालिटी मोठी. दोन्ही तसंच राहिलं, मी विसरले.

म्हणजे माझ्या लॅपटॉपला दर ०.६७ मिलिसेकंदाला नवी टोपली भरून द्यायची होती. सेकंदाला दीड हजार वेळा! त्यात ट्रॅकवर नॉइज कमी करायचा प्लगइन, वर रिव्हर्ब. काकूंना श्वास घ्यायला वेळ नाही.

इथे सॅम्पल रेटचा खेळ नीट समजून घ्या, कारण बहुतेक जण फक्त बफरकडे बघतात. बफर तोच ठेवून सॅम्पल रेट दुप्पट केला, तर जेवणारा माणूस दुप्पट वेगाने खायला लागतो. टोपली तेवढीच, पण अर्ध्या वेळात रिकामी. शिवाय प्लगइनलाही सेकंदाला दुप्पट मापांवर काम करावं लागतं. आणि मिळतं काय? माणसाचा कान फार तर २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकतो, आणि ४८,००० चा सॅम्पल रेट २४,००० हर्ट्झपर्यंतचा आवाज पकडतो. आत्याचा आवाज आणि जातं त्यात आरामात बसतं. माझी मूळ फाइल तर ४८,००० चीच होती. ९६,००० वर वाजवून तिच्यात नवीन काही येणार नव्हतं. लॅपटॉप बिचारा रिकाम्या जागा भरत बसला होता.

बरं, आता मी काय केलं ते क्रमाने.

रीपरमध्ये Ctrl+Alt+P दाबलं की Performance Meter उघडतो. त्यात `RT longest-block` अशी ओळ असते. तिथे दोन आकडे दिसतात: एक टोपली भरायला लागलेला सगळ्यात जास्त वेळ, आणि मिळालेला वेळ. माझ्याकडे पहिला होता ०.९४ आणि दुसरा ०.६७. लागणारा वेळ मिळणाऱ्या वेळेपेक्षा जास्त, म्हणजे कधीतरी टोपली रिकामी राहणारच. शेजारी `RT xruns` मध्ये असं किती वेळा झालं ते मोजलं जातं. मी बघत होते आणि तो आकडा रिक्षाच्या मीटरसारखा पळत होता. कानात टक् आणि तिकडे आकडा वाढला. तेव्हा खात्री पटली.

मग Options, Preferences, त्यात Audio खाली Device. तिथे Request sample rate मध्ये 48000 आणि Request block size मध्ये 1024 टाकलं. रीपर बफर साइजला block size म्हणतं, गोष्ट तीच. पण ASIO ड्रायव्हर असेल तर काही इंटरफेस इथलं ऐकतच नाहीत. तेव्हा त्याच पानावरचं ASIO Configuration बटण दाबायचं, इंटरफेसची स्वतःची खिडकी उघडते, तिथे बदलायचं.

एवढं करूनही माझा सॅम्पल रेट ९६,००० वरच! दहा मिनिटं डोकं खाजवलं. मग कळलं, प्रत्येक प्रोजेक्टची स्वतःची सेटिंग असते. Alt+Enter दाबलं की Project Settings येतं, तिथे Project sample rate वर टिक होती आणि ती वरच्या सेटिंगला दाबून टाकत होती. तिथेही 48000 केलं. आपण काय टाकलं यापेक्षा प्रत्यक्षात काय चालू आहे ते बघा: रीपरच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात सॅम्पल रेट आणि बफर लिहिलेला असतो. खरा आकडा तो.

तिसरी जागा विंडोजची. Windows आणि R दाबून `mmsys.cpl` लिहायचं. Playback मध्ये आपलं डिव्हाइस निवडायचं, Properties, मग Advanced, आणि Default Format मध्ये 24 bit, 48000 Hz. म्हणजे ब्राउझर एक रेट मागतोय आणि रीपर दुसरा, अशी ओढाताण होत नाही.

परत प्ले दाबलं. लागणारा वेळ चार मिलिसेकंदाच्या आसपास, मिळणारा २१.३३. xruns शून्य. पूर्ण चाळीस मिनिटं ऐकलं. रात्रीचे दोन वाजले होते आणि मी खुर्चीत बसून चक्क रडले, खोटं कशाला बोलू.

ज्यांच्याकडे इंटरफेस नाही आणि जे ऑडॅसिटी वापरतात, त्यांनी Preferences मध्ये Audio Settings उघडा. तिथे Buffer length असतं, पण ते सॅम्पलमध्ये नाही, थेट मिलिसेकंदात. सुरुवातीला १०० असतं. कुणी व्हिडिओ बघून ते १० वर आणलं असेल तर परत १०० करा, तरी तडतड असेल तर २००. नुसतं एडिट करताना प्ले दाबल्यावर आवाज पाचवा हिस्सा सेकंद उशिरा आला तर काही बिघडत नाही.

बिघडतं कधी? स्वतःचा आवाज लॅपटॉपमधून फिरवून कानात ऐकत रेकॉर्ड करताना. २१ मिलिसेकंदात आवाज हवेतून साधारण सात मीटर जातो. म्हणजे १०२४ वर ऐकणं म्हणजे सात मीटर लांब ठेवलेला स्पीकर ऐकणं. आणि आवाज आत येताना एक टोपली, बाहेर जाताना दुसरी, म्हणजे ते अंतर दुप्पट. गाणाऱ्याची लय गंडते, बोलणारा अडखळतो. म्हणून माझी पद्धत आता अशी: रेकॉर्ड करताना २५६, आणि सगळे प्लगइन बंद. एडिट करताना १०२४, प्लगइन हवे तेवढे. २५६ वर रेकॉर्ड करतानाही xruns शून्य आहे ना ते एकदा बघते, कारण तिथली चूक कायमची. इंटरफेसवर Direct Monitor चं बटण असेल तर अजून सोपं: तुमचा आवाज लॅपटॉपमध्ये न जाता थेट कानात येतो, मग बफर कितीही ठेवा.

एक प्रकार मात्र बफरने सुटत नाही, तो माझ्याकडे दुसऱ्याच दिवशी आला. निवेदन रेकॉर्ड करायला मी यूएसबी माइक लावला आणि हेडफोन लॅपटॉपच्या भोकात. आवाज स्वच्छ, पण दर तीन-साडेतीन मिनिटांनी एक टक्. ठरल्यासारखा. आधीची तडतड कशीही यायची, हा टक् घड्याळ लावून.

याचं कारण सॅम्पल रेटमध्येच आहे. माइकला स्वतःचं घड्याळ असतं, लॅपटॉपच्या साउंड चिपला स्वतःचं. दोघंही म्हणतात "मी ४८,०००", पण दोन मनगटी घड्याळं कधी तंतोतंत जुळतात का? समजा फरक दहा लाखात पन्नास आहे. म्हणजे सेकंदाला २.४ मापांचा. बफर ५१२ चा असेल तर २१३ सेकंदांत, म्हणजे साडेतीन मिनिटांत, एक अख्खी टोपली जास्त होते किंवा कमी पडते. तिथे टक्. बफर दुप्पट केला तर टक् सात मिनिटांनी येईल, पण येईलच. उपाय एकच, आवाज आत यायला आणि बाहेर जायला एकच डिव्हाइस वापरा. माझ्या माइकलाच खाली हेडफोनचं भोक होतं. वायर तिकडे लावली, संपलं.

आणि बफर २०४८ करूनही कशीही तडतड येत राहिली तर? मग कुणीतरी ड्रायव्हर काकूंना दारात फारच अडवून धरतोय. त्यासाठी लेटन्सीमॉन नावाचं छोटं सॉफ्टवेअर आहे. ते दहा मिनिटं चालू ठेवा, कोणता ड्रायव्हर सगळ्यात जास्त वेळ खातो ते नावासकट दाखवतं. माझ्या एका मित्राच्या लॅपटॉपवर नेटवर्कचा ड्रायव्हर निघाला. एडिट करताना वायफाय बंद, तडतड बंद. त्याने पुढे ड्रायव्हर बदलला की नाही, त्यालाच विचारायला हवं.

तर मागचा भाग त्यामुळे उशिरा. आणि हो, तुमच्यातल्या दोघांनी लिहिलंय की बाराव्या मिनिटाला अजूनही एक टक् ऐकू येतो. बरोबर आहे. मीही तीनदा वाजवून बघितलं, दर वेळी त्याच सेकंदाला येतो, मोबाईलवरसुद्धा. तो फाइलमध्येच आहे. आत्याची बांगडी जात्याच्या खुंट्यावर आपटली होती. तो मी ठेवलाय.